मुलाच्या अंडकोषात दुखतंय आणि वर एक निळा ठिपका दिसतोय: छोट्या दाण्याचा पीळ की आख्ख्या गोटीचा, कसं ओळखायचं आणि काय करायचं

मी लहान मुलांची ऑपरेशनं करतो, तालुक्याच्या गावात, आणि हे लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे एकाच पावसाळ्यात माझ्याकडे दोन मुलं आली, एक दहा वर्षांचा आणि एक चौदा वर्षांचा. दोघांचीही तक्रार तीच, खाली दुखतंय. एकाला मी गोळी-औषध देऊन घरी पाठवलं आणि तो आठवड्याभरात पुन्हा क्रिकेट खेळायला लागला. दुसऱ्याची एक गोटी मला काढून टाकावी लागली. दोघांच्याही आयांनी मला नंतर एकच प्रश्न विचारला, की डॉक्टर, आम्हाला आधी कसं कळणार होतं? तर ते शक्य तितकं सोप्या शब्दांत सांगतो, कारण यात तास मोजायचे असतात आणि बहुतेक घरांत ते तास लाजेपोटी जातात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे खाली वाचताना गोंधळ नको. मुलाच्या अंडकोषात अचानक दुखायला लागलं तर ते घरी बसून ठरवायचं प्रकरण नाही, निळा ठिपका दिसो की न दिसो त्याच दिवशी, त्याच तासात दवाखाना गाठायचा. ठिपक्याचा उपयोग डॉक्टरला होतो, तुम्हाला "आता थांबलं तरी चालेल" असं सांगण्यासाठी तो नाही.

आत नेमकं काय पिळतं

गोटी म्हणजे वृषण, ती पिशवीत एका दोरीला लटकलेली असते. त्या दोरीत रक्त आणणारी धमनी, रक्त परत नेणाऱ्या शिरा आणि वीर्याची नळी असते. बहुतेक मुलांत गोटी मागच्या बाजूने पिशवीला धरलेली असते त्यामुळे ती गरगर फिरत नाही. पण काही मुलांत जन्मापासूनच हे धरणं नीट झालेलं नसतं आणि गोटी घंटेच्या आतल्या लोलकासारखी मोकळी लोंबत असते. अशी गोटी कधीही, झोपेतसुद्धा, स्वतःभोवती फिरू शकते आणि दोरीला पीळ पडतो. यालाच टॉर्शन म्हणतात. पिळलेल्या दोरीतून रक्त जात नाही आणि गोटी गुदमरायला लागते. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहातल्या नऊपेक्षा जास्त गोट्या वाचतात, बारा तासांपर्यंत गेलं तर साधारण निम्म्याच, आणि चोवीस तास उलटले तर वाचण्याची आशा अगदी थोडी राहते.

आता दुसरी गोष्ट. गोटीच्या वरच्या टोकाला बऱ्याच मुलांत तांदळाच्या दाण्याएवढा एक लोंबता दाणा असतो, बारीक देठावर. आईच्या पोटात असताना मुलींमध्ये ज्या नळीपासून गर्भाशय बनतं तीच नळी मुलांमध्ये विरून जाते, आणि तिचा हा उरलेला तुकडा. त्याचं काम काही नाही. डॉक्टरी भाषेत त्याला अपेंडिक्स टेस्टिस म्हणतात, आणि इथे पालकांचा मोठा घोळ होतो, कारण "अपेंडिक्स" ऐकलं की सगळे उजव्या बाजूच्या पोटाकडे बघायला लागतात. त्या अपेंडिक्सचा याच्याशी काही संबंध नाही, फक्त नावात साम्य आहे.

या दाण्याच्या देठाला पीळ पडला की रक्त बाहेर जाणारी शीर आधी दबते, आत येणारं रक्त मात्र थोडा वेळ चालूच राहतं, म्हणून दाणा फुगतो, आत रक्त साचून निळा-काळा पडतो. पिशवीची कातडी पातळ असते, त्यामुळे गोटीच्या वरच्या बाजूला कातडी ताणली की आतला हा निळा दाणा बाहेरून ठिपक्यासारखा दिसतो. हाच तो ब्लू डॉट. दाणा मरतो, सुकतो, शरीर त्याला विरघळवतं, गोटीला काही होत नाही. तिचं रक्त स्वतःच्या दोरीतून येतच असतं.

म्हणजे पीळ दोन्हीकडे आहे, दुखणंही दोन्हीकडे आहे, पण एकात वाया जातो तो निरुपयोगी दाणा आणि दुसऱ्यात जाते आख्खी गोटी. सगळी धडपड हे दोन वेगळे करण्याची असते.

दहा वर्षांचा मुलगा

रविवारी सकाळी साडेदहाला आई त्याला घेऊन आली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी आला तेव्हा थोडं दुखत होतं, तो बोलला नाही. संध्याकाळी पाय फाकवून चालायला लागला. रविवारी आंघोळ घालताना आईने तांब्यातलं पाणी ओतलं, तर तिथे हात लावू देईना, तेव्हा तिला कळलं. उलटी नाही, ताप नाही, लघवीला जळजळ नाही, आणि येण्याआधी पोहे खाऊन आला होता. पोह्यांची गोष्ट नंतर सांगतो.

मी खोलीतून बाकीच्या नातेवाईकांना बाहेर काढलं, आईला राहू दिलं, कारण तो तिचा हात धरून होता. दहा वर्षांच्या मुलाला अशा वेळी आधी विचारायचं, "राजा, तू स्वतः एका बोटाने दाखव कुठे दुखतंय." ही माझी आवडती तपासणी आहे, कारण खरं टॉर्शन असलेला मुलगा सहसा एक बोट ठेवून दाखवू शकत नाही, तो आख्खा हात फिरवतो किंवा पोटच धरतो. याने डाव्या गोटीच्या वरच्या टोकावर बोट टेकवलं आणि लगेच उचललं.

मग मी आधी न दुखणारी उजवी बाजू बघितली, म्हणजे त्याची नेहमीची गोटी कशी आहे ते कळतं. मग डावी. दोन्ही गोट्या एकाच उंचीवर जवळपास, डावी थोडी खाली, जशी नेहमी असते, आणि उभी, आडवी पडलेली नाही. मी डाव्या गोटीचा खालचा भाग दोन बोटांत हळूच दाबला, तो मऊ होता, मुलगा शांत. मधला भाग दाबला, शांत. वरच्या टोकावर बोट नेलं आणि एक वाटाण्याएवढा कडक गोळा लागला, तिथे तो ओरडला. फक्त तिथेच.

आता ठिपका. ट्यूबलाईटखाली तो मला दिसलाच नाही. मी त्याला खिडकीशी, ढगाळ पण पुरेशा उजेडात घेतलं आणि वरच्या टोकावरची कातडी अंगठा आणि तर्जनीने अलगद ताणली. मग मसुरीच्या डाळीएवढा, काळपट-जांभळा डाग दिसला, कातडीच्या खाली, वरून रंगवल्यासारखा नाही. इथे एक गोष्ट मनावर घ्या. पुस्तकात छापलेला स्वच्छ निळा रंग गोऱ्या कातडीवरचा असतो. आपल्या सावळ्या मुलांच्या पिशवीची कातडी आधीच गडद असते, तिथे तो डाग निळा नसून काळसर-जांभळा दिसतो, कधी नुसती सावली वाटते. पिशवीवर फुगीर शिरा असतात त्या रेघेसारख्या असतात आणि बोटाने दाबल्या की रंग नाहीसा होतो, ठिपका तसा जात नाही.

मग मांडीच्या आतल्या बाजूवर बोटाने हलकी रेघ ओढली. निरोगी मुलात त्याच बाजूची गोटी टुणकन वर सरकते, अर्ध्या सेंटिमीटरइतकी तरी. याला क्रिमास्टेरिक रिफ्लेक्स म्हणतात. याची दोन्ही बाजूंना सरकली. टॉर्शनमध्ये हा बहुतेक वेळा गेलेला असतो, आणि हा हजर असेल तर मला धीर येतो. पण फक्त धीर, खात्री नाही, कारण रिफ्लेक्स हजर असूनही टॉर्शन निघालेलं आहे. आणि उलटसुद्धा होतं, दोन-अडीच वर्षांच्या आतल्या बाळांत तो तसाही भरवशाचा नसतो, किंवा खोली थंड असली, मूल घाबरलेलं असलं की गोटी आधीच वर चढून बसलेली असते आणि काही हलत नाही.

डॉक्टर लोक अशा वेळी एक गुणपत्रक वापरतात, ट्विस्ट स्कोअर. गोटी सुजलीये तर २, कडक लागतीये तर २, रिफ्लेक्स नाही तर १, मळमळ-उलटी तर १, गोटी वर चढलीये तर १, एकूण सातपैकी. ५ किंवा जास्त असेल तर बहुतेक सर्जन सोनोग्राफीची वाट बघत नाहीत, थेट ऑपरेशन. २ किंवा कमी असेल तर टॉर्शनची शक्यता फार कमी. मधल्या ३-४ ला सोनोग्राफी. या मुलाचा शून्य आला, गोटी मऊ, न सुजलेली, बाकी सगळं जागेवर.

तरीही मी डॉप्लर सोनोग्राफी करवून घेतली. रविवार होता, आमच्या गावातलं सेंटर बंद, पुढच्या गावात करायला पाठवलं, तासाभरात रिपोर्ट आला. डाव्या गोटीतला रक्तप्रवाह उजवीइतकाच. वरच्या टोकाला ७ मिलिमीटरचा गोल दाणा, त्याच्या आत रक्त नाही, आजूबाजूला मात्र रक्त वाढलेलं. थोडंसं पाणी साचलेलं. चित्र जुळलं.

ठिपक्यावर किती विसंबायचं

हा लेख मी ज्या एका गोष्टीसाठी लिहितोय ती हीच, म्हणून जरा थांबून लिहितो. ठिपका हे दाण्याच्या पिळाचं सगळ्यात ठळक लक्षण म्हणून सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि दिसला तर ते खरंच बोलकं आहे, पण तो दाण्याचा पीळ असलेल्या दहा मुलांपैकी दोन-तिघांतच दिसतो. बाकीच्यांत दिसत नाही. काहींत दाणा मागे वळलेला असतो, काहींची कातडी जाड-गडद असते, आणि मोठं कारण म्हणजे उशीर. पहिल्या दिवशी कातडी पातळ असते म्हणून ठिपका दिसतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाण्याच्या जळजळीने आख्खी पिशवी लाल होते, सुजते, आत पाणी साचतं, आणि ठिपका त्याखाली झाकला जातो. अशा सुजलेल्या पिशवीकडे नुसतं बघून टॉर्शन आहे की दाणा हे मलाही सांगता येत नाही, कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून ठिपका दिसला नाही याचा अर्थ टॉर्शन, असंही नाही, आणि दाणा नाही, असंही नाही. त्यातून काहीच कळत नाही.

उलट ठिपका दिसला तर? तेव्हा मी एक अट लावतो. ठिपका आहे आणि त्याखालची उरलेली गोटी मऊ आहे, दाबली तर दुखत नाही, जागेवर आहे, तर मी मान्य करतो. पण ठिपका आहे आणि आख्खी गोटी दुखते किंवा कडक आहे किंवा वर चढलीये, तर मी ठिपका विसरून जातो आणि मुलाला टॉर्शन समजूनच पुढे जातो. आणि ठिपक्याऐवजी आख्खी पिशवीच निळी-काळी असेल तर तो ब्लू डॉट नव्हे, ते गुदमरलेल्या गोटीचं किंवा माराचं लक्षण असू शकतं, ती धावपळीची वेळ आहे.

वयसुद्धा मदत करतं. दाण्याचा पीळ जास्त करून ७ ते १२ वयात, खरं टॉर्शन जास्त करून १२ ते १८ मध्ये, वयात येताना गोटी मोठी होते तेव्हा, आणि शिवाय नवजात बाळांत. पण ही सरासरी आहे, नियम नाही. आठ वर्षांच्या मुलाचं टॉर्शनही मी बघितलंय, म्हणून "हा अजून लहान आहे, याला ते होत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

चौदा वर्षांचा मुलगा

हा नववीतला. पहाटे तीनला झोपेतून उठला, पोटात कळ. दोनदा उलटी झाली. आईवडील गेले जवळच्या एका दवाखान्यात, तिथे अॅसिडिटी म्हणून इंजेक्शन दिलं, पोट दाबून बघितलं, पँट कुणी उतरवली नाही. मुलगाही बोलला नाही, चौदा वर्षांचा पोरगा आईसमोर आणि अनोळखी कंपाउंडरसमोर काय बोलणार? घरी आला, पडून राहिला. सकाळी अकराला वडिलांच्या कानात म्हणाला, पप्पा, पोटात नाही, खाली दुखतंय. माझ्याकडे पोचले तेव्हा साडेअकरा. डावी गोटी वर चढलेली, आडवी, दगडासारखी, पिशवी गडद, रिफ्लेक्स नाही. सोनोग्राफीला पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. साडेबाराला ऑपरेशन टेबलवर, म्हणजे पहिल्या कळेपासून साडेनऊ तास.

दोरीला पूर्ण दोन वेढे होते. सोडवली, कोमट सलाईनच्या गॉझमध्ये गुंडाळून आम्ही वाट बघितली, कारण काही गोट्या मिनिटांत गुलाबी होतात. ही झाली नाही. छोटा छेद दिला, काळं रक्त आलं, लाल नाही. काढावी लागली. दुसऱ्या बाजूची गोटी मी न विरणाऱ्या टाक्यांनी पिशवीला शिवली, कारण तो घंटेच्या लोलकासारखा मोकळेपणा सहसा दोन्ही बाजूंना असतो.

म्हणून अगदी कळकळीने सांगतो. मुलगा पोटात खाली दुखतं म्हणाला, उलटी झाली, आणि विशेषतः झोपेतून उठून म्हणाला, तर पँट उतरवून बघायचंच, घरी आणि दवाखान्यातही, आणि डॉक्टरने बघितलं नाही तर "खालचंही बघा ना" असं म्हणायचं. यात लाज नाही.

घरी पहिल्या अर्ध्या तासात

पहिलं काम म्हणजे घड्याळ. दुखणं कधी सुरू झालं ते मुलाला विचारून कागदावर किंवा मोबाईलवर लिहा, नुसतं "रात्री" नको, "रात्री तीन, पाणी प्यायला उठला तेव्हा". पुढे सगळे निर्णय या वेळेवर होतात. आणि मध्येच दुखणं अचानक थांबलं तरी जाणं रद्द करू नका, कारण पीळ कधीकधी आपोआप सुटतो आणि पुढच्या वेळी सुटत नाही, शिवाय बारा-चोवीस तासांनी गोटी मेली की दुखणं तसंही कमी होतं, तेव्हा "बरं वाटतंय" याचा अर्थ उलटा असू शकतो.

दुसरं, बघायचं. वडील किंवा आई, ज्याच्याशी मुलगा मोकळा आहे त्याने. चांगल्या उजेडात, मुलगा उताणा पडलेला. लाल आहे का, सुजलंय का, एक गोटी वर चढलीये का, आडवी वाटते का, एवढंच नजरेने. कातडी ताणून ठिपका दिसला तर डॉक्टरला सांगा, पण शोधत पाच-दहा मिनिटं घालवू नका, दाबून-चाचपून बघू नका.

तिसरं, पोटात काही घालू नका. आता पोह्यांची गोष्ट. ऑपरेशन लागलं तर भूल देताना भरलेलं पोट धोक्याचं असतं, जेवण झाल्यावर सहा तास थांबावं लागतं, आणि आपल्याकडे तेवढे तास नसतात. टॉर्शन असेल तर आम्ही भरल्या पोटीसुद्धा भूल देतो, जास्त काळजी घेऊन, पण रिकामं पोट असणं कधीही बरं. त्या दहा वर्षांच्या मुलाला सुदैवाने ऑपरेशन लागलं नाही.

चोळणं, तेल, गरम शेक, "नस चढलीये" म्हणून कुणाकडून खेचून घेणं, यातलं काहीही नको. हर्निया समजून कुणी आत ढकलायला सांगितलं तरी नको. आणि "एक पेनकिलर देऊन रात्र काढू, सकाळी बघू" हे तर मुळीच नको.

चौथं, फोन. जायच्या आधी दवाखान्यात फोन करून एकच विचारा, "आत्ता सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर मिळतील का?" सोनोग्राफी आहे का हा दुसरा प्रश्न. लहान गावातून मोठ्या गावाकडे जाताना आधी सोनोग्राफीसाठी एका ठिकाणी, मग तिथून सर्जनकडे, मग रेफर, असे तीन-चार तास सहज जातात. थेट जिथे ऑपरेशन होऊ शकतं तिथे जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. लांब जायचं असेल तर गावातल्या डॉक्टरला वाटलं तर तो हाताने पीळ सोडवून बघू शकतो, पुस्तक उघडल्यासारखी गोटी बाहेरच्या बाजूला फिरवून. ते घरी करायचं नाही, कारण काही मुलांत पीळ उलट्या दिशेला असतो आणि तो आणखी आवळला जातो, आणि हाताने सुटला तरी ऑपरेशन लागतंच.

डॉप्लर नॉर्मल आला तरी

डॉप्लरमध्ये गोटीत रक्त दिसतंय म्हणून निवांत होऊ नये अशाही वेळा असतात. अर्धा पीळ असला, किंवा पीळ सुटून पुन्हा पडणारा असला, तर तपासणीच्या त्या दहा मिनिटांत रक्त चालू दिसू शकतं. अनुभवी रेडिओलॉजिस्ट गोटीबरोबर वरची दोरीसुद्धा बघतात, तिथे भोवऱ्यासारखा वेढा दिसला तर रक्त असलं तरी टॉर्शन समजतात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल पण मुलगा कळवळतोय, गोटी कडक आहे, असं असेल तर सर्जन "उघडून बघू" म्हणतात. हे ऐकून पालकांना वाटतं उगाच ऑपरेशन करतायत. उघडून बघितलं आणि आत नुसता पिळलेला दाणा निघाला तर तो कापून टाकायला दोन मिनिटं लागतात, मुलगा सहसा दुसऱ्या दिवशी घरी जातो. उघडलं नाही आणि आत टॉर्शन होतं तर काय होतं ते वर लिहिलंय.

आणखी एक नेहमीचा घोळ. खूप मुलांना "इन्फेक्शन झालंय" म्हणून अँटिबायोटिक देऊन घरी पाठवतात. सोनोग्राफीत दाण्याच्या शेजारच्या भागात, एपिडिडायमिसमध्ये, रक्त वाढलेलं दिसतं, रिपोर्टवर "एपिडिडायमायटिस" लिहिलेलं येतं, आणि पालकांना वाटतं जंतू. लहान मुलांमध्ये ही सूज बऱ्याचदा शेजारी मेलेल्या दाण्यामुळे असते. लघवी तपासून स्वच्छ असेल, ताप नसेल, जळजळ नसेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तुमच्या डॉक्टरांना लघवीची तपासणी केली का एवढं जरूर विचारा.

दाण्याचा पीळ नक्की झाल्यावर घरी

हे नक्की डॉक्टरने ठरवल्यावर. त्या दहा वर्षांच्या मुलाला मी इबुप्रोफेन सिरप लिहून दिलं, वजन २८ किलो, डोस साधारण किलोला १० मिलिग्रॅमच्या हिशोबाने, त्याच्यासाठी २५० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलीत १०० मिलिग्रॅम असं असेल तर साडेबारा मिली, दिवसातून तीनदा, काहीतरी खाल्ल्यावरच. तुमच्या मुलाचा डोस तुमच्या डॉक्टरकडून घ्या, आणि बाटली हातात घेऊन वाचा, कारण आपल्याकडे इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली सिरपं खूप चालतात. त्यावर दोन्ही नावं असतील तर वरून वेगळी पॅरासिटामॉल देऊ नका, डबल डोस होतो. मुलाला ताप असेल आणि डेंग्यूची साथ असेल तर इबुप्रोफेन थांबवून फोन करा. दमा किंवा किडनीचा आजार असेल तर आधी सांगा. अॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही.

औषधाइतकाच उपयोग पडून राहण्याचा होतो. दोन-तीन दिवस पलंगावर, खाली दुमडलेला छोटा टॉवेल ठेवून पिशवी उचलून धरायची. फिरताना घट्ट जांगिया, सैल नको. रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, थेट कातडीवर नको. शाळा सहसा तीन-चार दिवसांनी, पण सायकल, पळणं, क्रिकेट दुखणं पूर्ण गेल्याशिवाय नको, नाहीतर चौथ्या दिवशी दुखणं पुन्हा उसळतं आणि मग पालक घाबरतात.

तिसऱ्या दिवशी घाबरायची वेळ तशीही येते. त्या मुलाच्या आईचा मंगळवारी रात्री फोन आला, "डॉक्टर, आधीपेक्षा जास्त सुजलंय, लाल झालंय, आता काय करू?" दाणा मरताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढते हे मी आधी सांगितलं होतं, पण फोनवर "काही होत नाही ताई" असं म्हणायची माझी तयारी नव्हती. मी बोलावून घेतलं आणि गोटीचा खालचा अर्धा भाग पुन्हा दाबून बघितला, मऊ, न दुखणारा. मग घरी पाठवलं. तुम्हीही डॉक्टरला फोन करा किंवा जा, विशेषतः औषध घेऊनही दुखणं अचानक वाढलं, उलटी झाली, आख्खी गोटी दुखायला लागली, गोटी वर चढली किंवा ताप आला तर. दाण्याचा पीळ झालेल्या मुलाला नंतर खरं टॉर्शन होऊच शकत नाही असं नसतं, आधीचा रिपोर्ट दाखवून थांबायचं नाही.

पाच ते दहा दिवसांत बहुतेकांचं दुखणं जातं. फारच लांबलं, दोन आठवड्यांनीही मुलगा नीट चालत नसेल, तर छोट्या ऑपरेशनने दाणा काढतात. गोटीच्या वाढीवर किंवा पुढे मूल होण्यावर या दाण्याच्या पिळाचा परिणाम होत नाही, हा प्रश्न प्रत्येक आजी मला दाराशी थांबवून विचारते.

तो मुलगा तिसऱ्या आठवड्यात आला, आईच्या पुढे पळत. तपासताना पिशवीच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढी एक टणक मोकळी गोष्ट बोटाला लागली, इकडून तिकडे सरकणारी. मेलेला दाणा कधीकधी सुकून, चुना बसून असा मण्यासारखा राहतो. आईला मी तिथेच हात लावून दाखवलं, म्हणजे वर्षभराने आंघोळ घालताना हाताला लागलं तर ती दचकणार नाही. त्याला काही करायचं नसतं, राहू द्यायचं.